चौथ्या महिन्यातील झोपमोड

साधारण साडेतीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान, तोवर रात्री सलग चार-पाच तास झोपणारे बाळ अचानक दर तास-दीड तासाने उठू लागते, त्या अवस्थेला पालक 'स्लीप रिग्रेशन' म्हणतात. हे वैद्यकीय निदान नव्हे, आणि प्रत्येक बाळात ते दिसतेच असेही नाही. खरे तर या वयात झोप मागे जात नाही, ती प्रौढ होत असते.

नवजात बाळाच्या झोपेचे दोनच प्रकार असतात: चुळबुळीची आणि शांत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शांत झोपेचे हलके व गाढ असे टप्पे वेगळे होतात आणि पाऊण ते एक तासाची आवर्तने स्पष्ट होतात. दोन आवर्तनांच्या सांध्यावर आपण मोठेही क्षणभर जागे होतो, फक्त ते सकाळी आठवत नाही. बाळ मात्र डोळे उघडते आणि झोप लागताना जे होते ते शोधते.

नागपुरातल्या घरातले उदाहरण घेऊ. रात्री साडेआठला आजी लेकराला झोळीत झोके देऊन झोपवते आणि मग अलगद गादीवर ठेवते. सुरुवातीच्या तासांत गाढ झोप जास्त, म्हणून साडेअकरापर्यंत सगळे ठीक. पुढे झोप हलकी होते आणि एक, दोन, सव्वातीन असे प्रत्येक सांध्यावर रडू येते, कारण झोका गायब असतो. झोका दिला की पाच मिनिटांत डोळा लागतो. भूक असती तर नुसत्या झोक्याने फार वेळ भागले नसते.

घरात मात्र 'दृष्ट लागली'पासून 'दात येताहेत'पर्यंत निदाने होतात, आणि 'दूध पुरत नाही' म्हणून वरचे दूध सुरू होते. यातले हे शेवटचे सगळ्यात महागात पडते. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. मे महिन्याच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत वरचे पाणी लागत नाही. जास्त वेळा पाजणे पुरते. दिवसा आजूबाजूला बघण्याच्या नादात बाळ अर्धवट पिते, मग राहिलेले रात्री मागते. अशा वेळी कमी उजेडाच्या, शांत खोलीत पाजावे. रात्रीची एक-दोन पाजणी या वयात स्वाभाविक आहेत, ती तोडू नयेत.

झोका एकदम बंद करण्यापेक्षा, पेंगुळलेल्या पण जाग्या बाळाला दिवसातून एकदा गादीवर ठेवून थोपटावे. काही बाळांना हे जमते, काहींना महिनाभर जमत नाही. झोपवताना पाठीवर, सपाट घट्ट गादीवर. झोळीत रात्रभर ठेवू नये, आणि कुशीवर वळू लागताच दुपट्यात घट्ट गुंडाळणे थांबवावे.

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय अपेक्षित तारखेपासून मोजावे. ताप, पिण्यास नकार, कमी ओले लंगोट, उलट्या किंवा कवेत घेऊनही न थांबणारे रडणे असेल, तर कारण झोपेत शोधू नये. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.