विषय एक असला म्हणजे संदेश एक होतो असे नाही : मांड्यांच्या एका रीलची दुरुस्ती

बेळगावच्या शहापूर भागात घरगुती मांडे करून विकणाऱ्या एका काकूंनी गेल्या लग्नसराईत आपले रील मला दाखवले आणि विचारले, "विषय एकच आहे, मांडे. मग लोक तीन सेकंदांत पुढे का जातात?" बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या लहान व्यावसायिकांसाठी मी रीलच्या संहिता लिहितो आणि हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. विषय आणि संदेश या दोन गोष्टी एकच समजल्या जातात. रीलची सुरुवात फसते तेव्हा दोष पहिल्या वाक्यात शोधला जातो, पण बहुतेक वेळा तो या गोंधळात असतो.

आधी काकूंची मूळ संहिता पाहू. "नमस्कार मंडळी, कसे आहात? आज मी तुमच्यासाठी एक खास व्हिडिओ घेऊन आले आहे. बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो, पण आपले मांडेही तितकेच प्रसिद्ध आहेत. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मांडे होतात. आम्ही घरचंच तूप वापरतो. रुखवतासाठी ऑर्डर घेतो. पुण्या-मुंबईलाही पाठवतो, अजिबात मोडत नाहीत. व्हिडिओ आवडला तर लाइक करा, शेअर करा, फॉलो करा." प्रत्येक वाक्य मांड्यांविषयी आहे, म्हणजे विषय खरोखरच एक आहे. मात्र त्यात परंपरा, तूप, रुखवत आणि प्रवासात न मोडणे असे चार वेगवेगळे संदेश एकामागोमाग उभे आहेत, आणि पाहणाऱ्याने त्यांतला कोणता घेऊन जायचा हे संहितेने ठरवलेलेच नाही.

फरक ओळखण्याची माझी कसोटी व्याकरणाची आहे. विषय नामाने सांगता येतो : "बेळगावचे मांडे", "घरचे तूप", "राजहंसगडावरची सकाळ". संदेशाला क्रियापद लागते, कारण तो एक विधान असतो आणि त्यावर समोरचा "हे खरे कशावरून?" असे विचारू शकतो. "बेळगावचे मांडे" यावर कोणी शंका घेत नाही, म्हणून त्यातून पुढे काय येणार याची उत्सुकताही निर्माण होत नाही. "आमचे मांडे पुण्याला न मोडता पोचतात" असे म्हटले की ज्याने एकदा तरी मांडा हातात धरला आहे तो लगेच म्हणतो, शक्यच नाही. उलट्या कढईवर भाजलेली, पिठीसाखर आणि तूप पसरून गरम असतानाच दुमडलेली ती पातळ पोळी गार झाली की बोटाच्या दाबानेही तुटते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

आता पहिल्या सेकंदांकडे वळू, कारण सुरुवात का फसते याचे उत्तर इथेच आहे. लिहिणाऱ्याजवळ फक्त विषय असेल तर सुरुवातीला तो दुसरे काही करूच शकत नाही. तो नमस्कार करतो, ओळख करून देतो आणि विषयाचे नाव सांगतो. साधारण बोलण्याच्या गतीने मराठीत सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात, म्हणजे तीन सेकंदांत जेमतेम सात शब्द बसतात. काकूंचे पहिले सात शब्द "नमस्कार मंडळी, कसे आहात? आज मी तुमच्यासाठी" हे होते. मांडा हा शब्द येईपर्यंत दहा सेकंद उलटत होती आणि तोवर पडद्यावर हात जोडलेल्या काकूंखेरीज काही नव्हते. समोर बसलेल्या पाहुण्याशी असे बोलणे सभ्यपणाचे आहे. अंगठ्याने पुढे सरकवत जाणाऱ्या अनोळखी माणसाला मात्र त्यात थांबण्याचे कारण सापडत नाही.

यावर पहिला उपाय काकूंच्या भाच्याने केला होता. त्याने नमस्कार काढून तिथे "थांबा! मांडे मागवण्याआधी हे बघाच!" हे वाक्य मोठ्या आवाजात घातले आणि बाकी संहिता तशीच ठेवली. हे मी नेमके का सांगतो आहे ते दोन्ही रीलच्या इनसाइट्स, म्हणजे प्रेक्षकांची आकडेवारी, शेजारी ठेवल्या की कळते. इन्स्टाग्राम रीलच्या कोणत्या सेकंदाला किती प्रेक्षक उरले याचा आलेख दाखवते. पहिल्या रीलची रेष दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच कोसळली होती. भाच्याच्या रीलमध्ये ती पहिली तीन सेकंदे बरी टिकली आणि सहाव्या-सातव्या सेकंदाला, म्हणजे "बेळगाव म्हटलं की कुंदा आठवतो" हे वाक्य सुरू होताच, तशीच कोसळली. एकूण पाहण्याचा वेळ फारसा वाढला नाही, फक्त पडझडीची जागा बदलली.

म्हणून आलेख वाचताना एवढे पाहावे. रेष अगदी सुरुवातीला तुटत असेल तर पहिली ओळ कारण देत नाही. ती सुरुवातीला टिकून मग एका ठरावीक सेकंदाला तुटत असेल, तर त्या सेकंदाला चालू असलेले वाक्य काढून बघावे. बहुधा तिथे संहिता एक संदेश सोडून दुसऱ्याकडे वळलेली असते आणि सुरुवातीला दिलेले वचन मोडलेले असते. थोडी घसरण प्रत्येक रीलमध्ये असतेच, म्हणून तुलना दुसऱ्याच्या रीलशी न करता आपल्याच मागच्या चार-पाच रीलशी करावी, आणि शे-दीडशे लोकांनी पाहिलेल्या रीलवरून काही ठरवू नये.

पुनर्लेखनाला बसलो तेव्हा पहिल्या ओळीला मी शेवटपर्यंत हात लावला नाही. आधी चारही संदेश वेगवेगळ्या कागदांवर पूर्ण वाक्यांत लिहिले आणि काकूंना विचारले की फोन करणारे गिऱ्हाईक सर्वांत आधी काय विचारते. त्या म्हणाल्या, "मोडणार नाहीत ना, हेच." प्रश्न तिथेच सुटला. पुण्यात राहणारी, माहेर बेळगावचे असलेली आणि घरच्या लग्नात मांडे हवेच असे म्हणणारी बाई या रीलची प्रेक्षक ठरली आणि "मांडे न मोडता पुण्याला पोचतात" हा संदेश ठरला. मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावला : हे वाक्य त्या बाईच्या शंकेचे उत्तर देते का? तीन पिढ्या, कुंदा, रुखवत, लाइक आणि फॉलो ही सगळी वाक्ये गेली. तुपापाशी काकू अडल्या. "अहो, तूप घरचं आहे की! ते सांगायचंच नाही होय?" सांगायचे, पण दुसऱ्या रीलमध्ये, असे मी म्हटले, ते त्यांना तेव्हा पटले नाही, हेही नमूद करतो.

शेवटची संहिता तीस सेकंदांची झाली. पहिल्या तीन सेकंदांत सुरीने चिकटपट्टी कापून डबा उघडला जातो आणि आत अखंड मांड्यांची चळत दिसते; आवाज म्हणतो, "डबा पुण्यात उघडला. एकही मांडा मोडलेला नाही." नवव्या सेकंदापर्यंत काकू एक मांडा दोन बोटांत दाबतात, तो कडकन तुटतो आणि त्या म्हणतात, "एवढा नाजूक असतो." शंका मोठी करण्यासाठी हे दृश्य हवेच. त्यानंतर विसाव्या सेकंदापर्यंत पहिले कारण येते : मांडा पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचा नाही, कारण आत अडकलेल्या वाफेने तो मऊ पडतो आणि मांडे एकमेकांना चिकटतात. सत्ताविसाव्या सेकंदापर्यंत दुसरे कारण : दोन मांड्यांमध्ये कागद आणि डब्यात रिकामी जागा शून्य, कारण मांडा धक्क्याने मोडण्यापेक्षा रिकाम्या जागेत हलून मोडतो. उरलेल्या तीन सेकंदांत एकच कृती सांगितली, "पुण्यात हवे असतील तर 'डबा' असा मेसेज करा."

निकाल आधीच दाखवला तर लोक पुढे कशाला पाहतील, अशी शंका भाच्याने काढली आणि ती रास्त आहे. निकाल लपवला की प्रेक्षकाला वाट पाहावी लागते, दाखवला की "हे कसे जमले?" हा प्रश्न उरतो. जो निकाल पाहताच अविश्वसनीय वाटतो तो आधी दाखवावा, असे माझे मत आहे. "घरी बसून मांडे शिका" अशा रीलमध्ये मी कदाचित उलट केले असते.

सीमाभागात आणखी एक गुंता असतो. काकूंच्या पहिल्या रीलवर मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भाषांतली अक्षरे एकाच वेळी होती. दोन भाषा म्हणजे दोन संदेश नव्हेत, हे खरे. तरीही तीन सेकंदांत डोळा एकच ओळ वाचतो आणि दोन लिप्या समोर आल्या की कोणती वाचायची हे ठरवण्यातच वेळ जातो. शिवाय आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी तीच ओळ सर्वस्व असते. आम्ही पडद्यावर "बेळगाव ते पुणे, एक रात्र" एवढीच मराठी ओळ ठेवली. तीही मध्याच्या थोडी वर, कारण खालचा भाग कॅप्शनने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते. हुबळी-धारवाडच्या गिऱ्हाइकांसाठी कन्नड आवाजाचे रील वेगळे केले. तिथे डबा पुण्यात उघडत नाही. प्रकाशित झालेल्या रीलचा व्हिडिओ बदलता येत नाही, त्यामुळे जुने रील दुरुस्त करण्याऐवजी नवेच टाकावे लागले.

नव्या रीलची रेष विसाव्या सेकंदापर्यंत सावकाश उतरत गेली आणि कागद घालण्याच्या दृश्यापाशी थोडी खचली. ते दृश्य लांबले होते, संदेश तिथेही तोच होता, म्हणून पुढच्या वेळी कापायचे ते तेवढे दोन सेकंदच.

पंधरा दिवसांनी काकूंनी तुपाच्या रीलसाठी कागद पुढे केला. त्यावर आधी "घरचे तूप" असे लिहून खोडले होते आणि खाली लिहिले होते, "घरच्या तुपाचा मांडा आठ दिवस कुरकुरीत राहतो." संदेश म्हणून वाक्य पक्के होते. ते खरे आहे का, असे मी विचारले, तेव्हा त्या जरा थबकल्या. विकतच्या तुपाचा एक आणि घरच्या तुपाचा एक, असे दोन मांडे त्याच संध्याकाळी दोन वेगळ्या डब्यांत भरून, झाकणांवर तारीख लिहून त्यांनी फडताळात ठेवले आहेत. आठवा दिवस येत्या गुरुवारी आहे आणि तोवर संहिता लिहायची नाही असे आम्ही ठरवले आहे.