इंडिकेटरच्या फोटोतून ओळी गायब का होतात?

प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, आणि फोटो काढला की त्याच्यावर काळे पट्टे येतात. कधी अक्षरांचे वरचे धड असते, खालचे नसते. कधी नुसत्या तुटक आडव्या रेघा. इंडिकेटर बिघडलेला नसतो, आणि फोनही नाही. दोघेही आपापले काम हप्त्याहप्त्याने करतात, आणि ते हप्ते एकमेकांशी जुळत नाहीत, इतकेच.

सगळ्या पाट्यांची आतली रचना एकसारखी नसते, म्हणून एक ठरावीक नमुना घेऊ. दुकानांच्या पाट्यांवर लाल अक्षरे पळवणारे P10 नावाचे पॅनेल बाजारात सहज मिळते. त्यात १६ आडव्या ओळी आणि प्रत्येक ओळीत ३२ दिवे, म्हणजे एकूण ५१२ एलईडी. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र तार द्यायची तर ५१२ जोडण्या लागतील. त्याऐवजी ओळींचे चार गट करतात. पहिल्या गटात १, ५, ९ आणि १३ या ओळी, दुसऱ्यात २, ६, १० आणि १४, असे पुढे. एका वेळी एकच गट पेटतो, त्यामुळे १२८ जोडण्यांत काम भागते. म्हणजे पाटीवर अख्खे अक्षर कोणत्याही क्षणी नसतेच. चार ओळींमागे एक ओळ उजळलेली असते. हौशी लोक हे पॅनेल अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर चालवतात तेव्हा साधारण दर ५ मिलिसेकंदांनी गट बदलतात. चारही गटांची फेरी २० मिलिसेकंदांत, सेकंदाला ५० वेळा होते. डोळा हे सगळे एकत्र करून टाकतो आणि आपल्याला सलग अक्षर दिसते.

फोनचा कॅमेरा मात्र असे एकत्र करत नाही. त्याचा सेन्सर वरून खाली एकेक ओळ टिपत जातो. पूर्ण चित्राला २० मिलिसेकंद लागतात असे धरू. भर दुपारी उघड्या प्लॅटफॉर्मवर उजेड इतका असतो की फोन आपणहून शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर नेतो, म्हणजे सेन्सरच्या प्रत्येक ओळीला अर्धाच मिलिसेकंद उजेड मिळतो. फोन आडवा धरलाय आणि पाटीने फोटोच्या उंचीचा पाचवा हिस्सा व्यापलाय, तर पाटी टिपायला ४ मिलिसेकंद लागले. तेवढ्यात पाटीवर गट फार तर एकदा बदलतो. समजा तो बरोबर मध्यावर बदलला. वरच्या आठ ओळी टिपताना पहिला गट चालू होता, म्हणून त्यांतल्या १ आणि ५ तेवढ्या आल्या. खालच्या आठ टिपताना दुसरा गट चालू, म्हणून १० आणि १४ आल्या. सोळांपैकी बारा ओळी फोटोत नाहीत.

आता याच पाटीवर ‘पुणे’ लिहिलेय असे समजा. शिरोरेषा चौथ्या ओळीत असेल तर ती सबंध गेली, कारण आडवी रेघ एकाच ओळीत मावते. ती येते तर पूर्ण येते, नाहीतर मुळीच येत नाही. उभा काना अनेक ओळींतून जातो, म्हणून त्याचे तुकडे तरी उरतात. मात्रा वरच्या तीन ओळींत असते. तिच्यातला पहिल्या ओळीतला ठिपका तेवढा वाचला आणि ‘पुणे’चे बोलीतले ‘पुणं’ झाले! खालच्या उकाराचीही हीच गत. देवनागरी पाटी अशा फोटोत इंग्रजीपेक्षा लवकर कोलमडते ती यामुळे: आपले बरेचसे अर्थभेद वरच्या-खालच्या दोन-तीन ओळींत अडकलेले असतात.

आकड्यांत याहून मोठा धोका आहे, कारण तिथे चूक लक्षातही येत नाही. पाच ठिपके रुंद आणि सात ठिपके उंच अशा नेहमीच्या साच्यात इंग्रजी आठ आणि शून्य (आतली तिरकी रेघ नसलेला) यांच्या सातपैकी सहा ओळी हुबेहूब सारख्या असतात. फरक फक्त चौथ्या, मधल्या ओळीत. आठच्या मधल्या ओळीत मधले तीन ठिपके पेटतात, शून्याच्या त्याच ओळीत कडेचे दोन. ती एक ओळ फोटोत गेली की दहा वाजून आठ मिनिटांची गाडी आणि दहाची गाडी यांचे चित्र एकच. भिंग घेऊन बसलात तरी उपयोग नाही. माहिती फोटोत आलेलीच नाही.

म्हणून असा फोटो वाचताना एक भेद पाळावा लागतो. पेटलेला दिसलेला ठिपका बहुतेक खरा असतो, कारण न पेटलेला दिवा फोटोत उजळत नाही. न दिसलेल्या ठिपक्यावरून मात्र काहीच ठरत नाही. आठच्या मधल्या ओळीतले ठिपके स्पष्ट दिसत असतील तर तो शून्य नाही, हे छातीठोकपणे सांगता येते. ती ओळच काळी असेल तर ‘शून्य वाटतोय’ म्हणणे हा अंदाज झाला.

याच भेदातून उपायही निघतो. लागोपाठ काही फोटो घेतले की प्रत्येक वेळी पट्टे वेगळ्या जागी पडतात. पाटीचे कोपरे जुळवून ते फोटो एकमेकांवर ठेवायचे आणि प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपका घ्यायचा. फोटो सुधारण्याच्या बऱ्याच ॲपमध्ये Lighten नावाची सोय असते, ती हेच करते. मात्र मजकूर स्थिर हवा. सरकत्या ओळीवर किंवा मराठीवरून इंग्रजीवर उलटणाऱ्या पाटीवर हे केले तर दोन मजकुरांची खिचडी होते, आणि त्यातला कुठलाच ठिपका खोटा नसतो ही त्यातली गंमत.

व्हिडिओतून चौकटी काढायच्या तर वेग बघून घ्या. सेकंदाला २५ चौकटींच्या व्हिडिओत दोन चौकटींमध्ये ४० मिलिसेकंद जातात, म्हणजे आपल्या पाटीच्या नेमक्या दोन फेऱ्या. पट्टे जागचे हलत नाहीत आणि शंभर चौकटींतही त्याच ओळी गायब राहतात. ३० चौकटींना ३३.३ मिलिसेकंदांचे अंतर पडते. त्यामुळे पट्टे तीन जागी फिरतात, आणि चारपैकी तीन गट हाती लागतात. चौथा गट मिळतो तो पाटीचे आणि फोनचे घड्याळ तंतोतंत चालत नाही म्हणून. पट्टे हळूहळू सरकतात तेव्हा.

स्वतः फोटो काढणार असाल तर एवढ्या उठाठेवीची गरज नाही. प्रो मोडमध्ये शटर १/५० वर ठेवले की २० मिलिसेकंदांची पूर्ण फेरी मावते आणि सगळ्या ओळी सारख्या येतात. १/६० वर एखाद्या गटाला पाचऐवजी जेमतेम १.७ मिलिसेकंद मिळतात; त्या ओळी मंद येतात, पण वाचता येतात. १/३० वर काही ओळी दुप्पट उजळ येतील, गायब कुठलीच होणार नाही. उन्हात इतके मंद शटर म्हणजे चित्र पांढरेफटक होण्याची भीती, तेव्हा आयएसओ शक्य तितका खाली आणावा. फोन नुसता उभा करून पाहणारेही आहेत. त्याने पट्ट्यांची दिशा बदलते, हरवलेल्या ओळी परत येत नाहीत.

पाटी खरोखर बिघडली असेल तर मृत ओळ प्रत्येक फोटोत पाटीवरच्या त्याच जागी राहते आणि नुसत्या डोळ्यांनाही दिसते. हल्ली काही स्थानकांवर लागलेल्या टीव्हीसारख्या पडद्यांचे पट्टे आणखी वेगळे असतात. तिथे अक्षरे सलग असतात आणि मागचा उजेड लुकलुकतो, त्यामुळे पट्ट्यात अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्ही एकत्र काळवंडतात. उजेड पूर्ण विझलेला नसेल तर अशा फोटोचा ब्राइटनेस वाढवून मजकूर सापडतो; एलईडीच्या काळ्या ओळीतून काहीही निघत नाही.