ब्लाउज आल्टर करणे

कापड तेच ठेवून शिवलेल्या ब्लाउजचा घेर किंवा उंची कमी-जास्त करण्याच्या कामाला शिंपीकामात ब्लाउज आल्टर करणे म्हणतात. हे काम मुख्यतः ‘माये’वर चालते. टिपेच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीला ती भरपूर सोडतात आणि तिथे शेजारीशेजारी दोन-तीन टिपा मारून ठेवतात. अंग भरले की सगळ्यात आतली, अंगाच्या बाजूची टीप उसवायची.

छातीच्या घेरात बाजूच्या शिवणीच्या चार कडा येतात, पुढच्या भागाच्या दोन आणि पाठीच्या दोन. त्यामुळे ३६ इंची ब्लाउज ३४ करताना कमी करायचे २ इंच चौघींत वाटले जातात आणि नवी टीप जुन्या टिपेपासून अर्धा इंच आत येते. ब्लाउज उलटा करून खडूने रेघ आखतात. बाही सपाट जोडून मग बाजू शिवलेली असेल, तर ही रेघ बाहीच्या तोंडापासून काखेतून कमरेपर्यंत सलग जाते. काखेत तिला टोक न येता गोलाई हवी, नाहीतर तिथे चुणी पडते. आधी कच्चा धावदोरा घालून, हूक लावून, हात वर करून पाहतात. मशीनची टीप त्यानंतरच. सुटलेले कापड मात्र कापू नये. ते कापणारा शिंपी पुढच्या वेळची वाट बंद करतो.

इथली अडचण मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईची. काखेत अर्धा इंच आत गेले की मुंढा पुढून अर्धा आणि मागून अर्धा, असा एक इंचाने लहान होतो. हात पुढे नेताना काच बसला, तर बाही उसवून मुंढा खालून थोडा कोरावा लागतो. घेर यापेक्षा बराच कमी करायचा असेल, तर नुसत्या बाजू दाबून भागत नाही. खांदे उतरतात आणि टक्स छातीच्या उभारावर न राहता बाजूला सरकतात. अशा वेळी ब्लाउज पूर्ण उसवून पुन्हा बेतणेच बरे.

सैल करताना मर्यादा मायेचीच. काखेच्या गोलाईत कातरे दिलेले असतील, तर त्यांच्या टोकापलीकडे टीप नेता येत नाही. सुती कापडावरची जुन्या टिपेची भोके पाणी मारून इस्त्री केल्यावर बरीचशी मिटतात; रेशमावर ती राहतात. शिवाय आत दडलेल्या कापडाचा रंग उडालेला नसतो, त्यामुळे जुन्या ब्लाउजच्या कुशीत गडद पट्टा उमटतो. तयार कपड्यांत ओव्हरलॉकच्या आत बहुधा सेंटिमीटरभरच माया उरते, म्हणून ते घट्ट करता येतात, सैल फारसे नाही.

उंची वाढवायला खालची मुडप उसवतात. दीड इंचाची मुडप पूर्ण सोडली, तर पुन्हा दुमडायला कापड उरत नाही. मग आतून अस्तराची पट्टी जोडून खोटी मुडप घालतात. वरून दिसते ते मूळ कापडच. हूक लावल्यावर दोन हुकांमध्ये फट पडून आडव्या सुरकुत्या ओढल्या गेल्या, तर ब्लाउज अजून घट्ट आहे. काखेशी उभे झोळ दिसले, तर सैल.