चौकोन सारखेच मारले, तरी बसची चाकं अंड्यासारखी का होतात?

ग्रिड आपण सगळेच एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वेळेपासून मारतोय, त्यामुळे ते शिकवत बसत नाही. चौकोनात जे दिसतंय ते मोठ्या चौकोनात उतरवायचं, विषय संपला. पण ग्रिड मारली म्हणजे प्रमाण आपोआप आलं, हा जो समज आहे ना, त्याने मुंबईतल्या शाळांच्या भिंतींवर बरीच जाडी माणसं काढून ठेवलीत.

ग्रिड फक्त सांगते की कुठली रेष कुठे जाणार. चित्र कितीपट होणार ते ठरवतं प्रमाण, आणि ते आडवं-उभं दोन्हीकडे एकच लागतं.

समजा स्केच ए-फोर आडव्या कागदावर आहे, 29.7 बाय 21 सेंमी, त्यात डबलडेकर बस. भिंत 12 फूट रुंद, 7 फूट उंच. लोक काय करतात, कागदाचे आडवे 8 उभे 6 भाग, भिंतीचेही 8 आणि 6, झाली ग्रिड! कागदावरचा चौकोन साधारण 3.7 बाय 3.5, म्हणजे जवळपास चौरसच दिसतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. भिंतीवर मात्र तो 18 इंच बाय 14 इंच होतो. प्रत्येक रेष बरोबर चौकोनात आहे आणि तरी बस उंचीच्या मानाने 21 टक्के जास्त रुंद झालीय. चेहरे असतील तर विचारूच नका.

याच्या उलट जा. आधी प्रमाण ठरवा: 3 सेंमीला 1 फूट, म्हणजे जवळपास दहापट. कागदावर 3 सेंमीचे चौरस, भिंतीवर फुटाचे. उंचीत बरोबर 7 चौरस बसतात, रुंदीत मात्र 9.9 च, म्हणजे भिंतीवर दोनेक फूट उरतात. ते चित्र ताणून भरायचे नाहीत, दोन्हीकडे फूटभर बॉर्डर सोडा किंवा कागदाला तुकडा जोडून स्केचच 36 सेंमी रुंद करा, मला हेच आवडतं कारण बसस्टॉपवरची रांग तिथे मस्त बसते.

मोजायचा कंटाळा असेल तर स्केच भिंतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवा, त्या कोपऱ्यातून कागदाच्या समोरच्या कोपऱ्यावरून दोरी ताणत न्या. 7 फूट उंचीला दोरी जिथे पोचते, तिथपर्यंतच तुमचं चित्र.

आणि प्लीज, माप जमिनीपासून घेऊ नका. शाळेच्या पॅसेजला पाणी जायला उतार दिलेला असतो, त्यामुळे ग्रिडही तिरकी होते. पाण्याच्या नळीने एक लेव्हल लाइन मारा, उभ्या रेषा ओळंब्याने, मग एखाद्या चौरसाचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच पुढचं.

रंगाचा हिशेब करताना मात्र दहापट धरू नका, क्षेत्रफळ शंभरपट होतं.