तीसपेक्षा कमी सॅम्पल आहे, मग टी-टेस्ट लावायची की काय-स्क्वेअर?

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट वाचताना एक वाक्य हमखास भेटतं: 'सॅम्पल ३० पेक्षा कमी असल्यामुळे टी-टेस्टऐवजी काय-स्क्वेअर वापरली.' कुणी सुरू केलं माहीत नाही, पण ही समजूत एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे सुखरूप पोचत राहते. आणि ती नेमकी उलटी आहे. टी-टेस्ट जन्मलीच मुळी छोट्या सॅम्पलसाठी. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटला मोजकीच मोजमापं हाताशी धरून निष्कर्ष काढावे लागत. १९०८ मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने त्यावरची रीत छापली. कार्ल पिअरसनची १९०० सालची काय-स्क्वेअर मात्र मोठ्या आकड्यांच्या भरवशावर उभी आहे.

तेव्हा टेस्ट निवडताना सॅम्पल किती हे नंतर बघायचं. आधी बघायचं की प्रत्येक माणसाच्या नावापुढे तुम्ही काय लिहून घेतलंय. गुण, रक्तदाब, तापमान असा खराखुरा आकडा असेल आणि दोन गटांच्या सरासरीची तुलना करायची असेल, तर टी-टेस्ट. 'झालं' किंवा 'नाही झालं' अशी खूण असेल आणि कुठल्या रकान्यात किती माणसं पडली ते मोजायचं असेल, तर काय-स्क्वेअर. सॉफ्टवेअर इथे तुम्हाला वाचवणार नाही. पुरुष १, स्त्री २ असं कोडिंग केलंत तर ते निमूटपणे लिंगाची सरासरी १.७ काढून देईल.

समजा, हात धुण्याच्या पद्धतीवर २० विद्यार्थ्यांना व्हिडिओने शिकवलं आणि २० जणांना व्याख्यानाने. नंतर ३० गुणांची चाचणी घेतली. व्हिडिओ गटाची सरासरी २१.४ आली, प्रमाण विचलन ४.२. व्याख्यान गटाची सरासरी १८.६, प्रमाण विचलन ४.०. फरक २.८ गुणांचा. दोन्ही गटांतला विखुरलेपणा आणि गटांचा आकार धरला, तर अशा फरकात नुसत्या योगायोगाने साधारण १.३ गुणांची हलवाहलव अपेक्षित आहे. २.८ ला १.३ ने भागा, झाला टी: सुमारे २.१६. तक्त्यातली मर्यादा २.०२. म्हणजे फरक दखल घेण्याजोगा.

आता बरेच जण एक पायरी वाढवतात. २० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे 'पुरेसं ज्ञान', त्याखाली 'अपुरं ज्ञान'. व्हिडिओ गटात पुरेसं ज्ञान असलेले १३ निघाले, व्याख्यान गटात ८. काय-स्क्वेअर येते २.५१, आणि हवी होती ३.८४. फरक गायब! माणसं तीच, उत्तरपत्रिका त्याच. १९ आणि २० गुणांत जमीन-अस्मानाचा फरक आणि २० आणि ३० मध्ये काहीच नाही, असं आपणच ठरवून टाकलं, त्याची ही किंमत. हातात आकडा असताना त्याचे कप्पे पाडू नयेत. एवढंच बघावं की गुण एका टोकाला गोळा झालेले नाहीत ना, किंवा एखाद-दुसरा आकडा फार लांब पडलेला नाही ना. तसं असेल तर मान-व्हिटनी टेस्ट बरी.

पण काही गोष्टी मुळातच हो-नाही असतात. सलाईनच्या कॅन्युलाजवळची शीर सुजली की नाही, म्हणजे फ्लेबायटिस झाला की नाही, हे तसंच. समजा ४० रुग्ण, प्रत्येकाला एकच कॅन्युला. २० जणांना एका प्रकारचं ड्रेसिंग, २० जणांना दुसऱ्या. पहिल्या गटात ६ जणांना फ्लेबायटिस झाला, दुसऱ्यात एकालाच. इथे काय-स्क्वेअरचाच प्रांत. एकूण ७ जणांना त्रास झाला, गट सारखे, म्हणजे ड्रेसिंगने काही फरक पडत नसता तर प्रत्येक गटात ३.५ अपेक्षित. न झालेले प्रत्येकी १६.५. चारही रकान्यांत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांतला फरक २.५. त्याचा वर्ग ६.२५. त्याला त्या-त्या रकान्याच्या अपेक्षित संख्येने भागून चारही उत्तरांची बेरीज केली की ४.३३. मर्यादा ३.८४. पी-व्हॅल्यू, म्हणजे इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने पडण्याची शक्यता, ०.०४ च्या आत. प्रोजेक्टमध्ये तारा छापायला मोकळे.

थांबा. अपेक्षित संख्या ३.५ आहे, आणि नियम असा की दोन बाय दोनच्या तक्त्यात कुठलीही अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी नसावी. लक्षात घ्या, अपेक्षित संख्या. प्रत्यक्ष रकान्यात १ दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, आणि प्रत्यक्षात ६ दिसले म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. हा ५ चा आकडा आला कुठून? काय-स्क्वेअरची पी-व्हॅल्यू एका सलग, गुळगुळीत वक्रावरून वाचली जाते. आपल्याकडे फ्लेबायटिसचे रुग्ण सातच. ते दोन गटांत ४-३, ५-२, ६-१ किंवा ७-० एवढ्याच तऱ्हांनी विभागले जाऊ शकतात. म्हणजे काय-स्क्वेअरला घेता येतील अशा किमती फक्त चार, आणि आपण त्या अखंड वक्रावर बसवतोय. आकडे मोठे असले की पायऱ्या इतक्या बारीक होतात की वक्र चालून जातो. इथे नाही चालत.

रोनाल्ड फिशरने यावर सरळ मार्ग काढला: वक्र सोडा, शक्यताच मोजा. ४० रुग्णांतून कुठल्या ७ जणांना त्रास व्हावा, याच्या एकूण तऱ्हा १,८६,४३,५६०. त्यांपैकी ६ जण पहिल्या गटातले आणि १ दुसऱ्यातला, अशा ७,७५,२००. सातही पहिल्याच गटातले, अशा ७७,५२०. हेच उलट बाजूनेही होऊ शकलं असतं, म्हणून दुप्पट करा: १७,०५,४४०. भागाकार करा, उत्तर ०.०९. ड्रेसिंगचा काडीचाही परिणाम नसला तरी शंभरात नऊ वेळा इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या नशिबाने पडेल. काय-स्क्वेअर म्हणत होती, चारपेक्षा कमी वेळा. एसपीएसएसमध्ये दोन बाय दोनच्या तक्त्याला काय-स्क्वेअर लावली की फिशरची ओळ त्याच तक्त्यात खाली येते, आणि किती रकान्यांत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आहे तेही तळटीपेत लिहिलेलं असतं. ती तळटीप फार थोडे वाचतात.

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की फरक दखल घेण्याजोगा मानायचा, या ०.०५ च्या आकड्याची तर पूजाच चालते. वय, लिंग, धर्म, उत्पन्न, आहार अशा दहा गोष्टींशी ज्ञानाचा 'संबंध' तपासायचा आणि एक जुळला की शोध लागला! त्या दहा गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि कशाचाच संबंध नसेल, तरी निदान एक जुळण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. पत्रिकेतले गुण जुळवणं याहून फारसं वेगळं नाही.

राहिली प्री-टेस्ट आणि पोस्ट-टेस्ट. तीच माणसं दोनदा मोजली असतील तर गुणांसाठी पेअर्ड टी-टेस्ट. ती प्रत्येकाच्या स्वतःच्या दोन गुणांमधला फरक घेते. हो-नाही असेल तर मॅकनेमार टेस्ट, आणि तिच्यात फक्त मत बदललेल्यांची गणती होते: आधी 'नाही' नंतर 'हो', आणि आधी 'हो' नंतर 'नाही'. इथे साधी काय-स्क्वेअर लावलेली असेल तर ती पकडायला गणितही लागत नाही. तक्त्यातल्या सगळ्या रकान्यांची बेरीज करा. सॅम्पल ४० आणि बेरीज ८० आली, तर प्रत्येक माणूस दोनदा मोजला गेलाय.