जात्यावरची ओवी

पहाटे धान्य दळताना बायका जात्याच्या घरघरीवर ज्या दोन-दोन ओळी गात आल्या, त्यांना जात्यावरची ओवी म्हणतात. ही ओवी कोणा एका कवयित्रीची नसते. आई, आजी, सासू, जाऊ आणि शेजारीण यांच्याकडून ती कानावर पडते, आणि गाणारी तिच्यात आपल्या घरातली नावे व आपल्या मनातले बोल घालते. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ या म्हणीत ओवीचा जन्म कुठे होतो ते नेमके सांगितले आहे.

ओवीचा जुना उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (1129) या संस्कृत ग्रंथात मिळतो. महाराष्ट्रात स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे 1290 साली ज्ञानेश्वरी ओवीत सांगितली गेली त्याच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी बायकांच्या कष्टाबरोबर चालत होती. ज्ञानेश्वरीतल्या ओवीला तीन सयमक चरण आणि चौथा आखूड चरण असतो. जात्यावरच्या ओवीला इतकी बांधीव चौकट नाही. तिला दोन ओळी पुरतात. ओळींच्या शेवटी यमक जुळते आणि मधली अक्षरे गळ्याच्या ओढीने लांब-आखूड होतात. संत जनाबाईंच्या रचनांत दळण-कांडण आणि विठ्ठल एकत्र येतात, ते याच चालीला धरून.

ही ओवी समजायची तर आधी जाते समजून घ्यायला हवे. दगडाच्या दोन गोल तळ्या एकीवर एक बसवलेल्या असतात. खालची स्थिर असते आणि तिच्या मध्यावर मेख असते. वरची त्या मेखेभोवती फिरते. वरच्या तळीच्या कडेला लाकडी खुंटा ठोकलेला असतो आणि मधल्या तोंडातून मूठमूठ धान्य सोडतात. या मुठीला वैरण म्हणतात. वैरण जास्त पडली की पीठ भरड येते. ती उशिरा पडली तर दगड दगडावर घासतो आणि भाकरीत कच लागते. दळणारीला हे बघावे लागत नाही, आवाजावरून कळते. पोट भरलेले जाते जड आणि खर्जात घरघरते, रिकामे जाते कोरडे खरखरते. दळून दळून दगड गुळगुळीत झाले की ते दाणा नुसता फिरवतात, फोडत नाहीत. मग टाकीने ठोकून त्यांना पुन्हा खरबरीत करून घ्यावे लागते. यालाच जात्याला टाकी लावणे म्हणतात.

कोंबडा आरवायच्या सुमारास सूपभर ज्वारी किंवा बाजरी घेऊन बाई जात्याशी बसते. पाच-सहा माणसांच्या घरची भाकरी भागायची तर तास-दीड तास सहज जातो. जोडीला दुसरी असेल तर दोघी समोरासमोर बसतात आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात पडतात. एकीचा मोकळा हात वैरण घालतो. ओवीची लय ठरते ती या फेऱ्यांवरून. तिला वेगळा ताल लागत नाही. एक ओळ उचलते, तीच पुन्हा घोळवते, शेवटचे अक्षर लांबवते, आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या ओळीचा विचार होतो. पहिली ओळ पुष्कळदा सगळ्यांच्या ओळखीची असते. नवे, खासगी, कधी बोचरे असे जे काही असते ते दुसऱ्या ओळीत येते. ‘बाई’, ‘ग’, ‘सांगते सयांनो’ असे शब्द केवळ भरीचे वाटतात, पण श्वास घ्यायला आणि यमकापर्यंत पोचायला तेच उपयोगी पडतात.

पुढच्या ओवीत हे स्पष्ट दिसते. गावोगाव तिचे पाठ थोडे बदलतात, त्यातला एक असा:

जात्या तू ईसवरा, तू तर डोंगराचा रुषी
माऊलीवाणी हुरदं उकलीते तुझ्यापाशी

पहिल्या ओळीत जात्याला हाक आहे. जात्याचा दगड डोंगरातून आणलेला, म्हणून तो डोंगरातला ऋषी. एका जागी बसून असतो, सगळे ऐकतो आणि कुणाला सांगत नाही. इथवर स्तुतीच वाटते. दुसऱ्या ओळीत मात्र कळते की बाई सासरी आहे. आईपाशी जे बोलायचे ते बोलायला आई इथे नाही, म्हणून ती दगडापाशी मन उकलते आहे. ‘आई नाही’ असे ती कुठेच म्हणत नाही, ‘माऊलीवाणी’ एवढ्या एका शब्दातून ते समजते. ‘उकलणे’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. घडी उकलतात, गाठ उकलते, आणि त्याच क्षणी जात्याच्या पोटात दाणाही उकलत असतो. छापताना कुणी ‘रुषी’चे ‘ऋषी’ आणि ‘हुरदं’चे ‘हृदय’ केले, तर अर्थ तोच राहतो पण ओळ गळ्यावर नीट बसत नाही. जुन्या संग्रहांत असे शुद्धीकरण बरेच झाले आहे. वाचताना एखादी ओवी फार सोवळी वाटली, अक्षरे अडखळू लागली, तर तिथे संपादकाचा हात फिरला असावा असे खुशाल समजावे.

ओवीतल्या माणसांना ठरलेली नावे आहेत. मुलगा राघू, मुलगी मैना. आई बया किंवा गवळण. भाऊ बंधुराया. नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते, म्हणून तो चुडा, भरतार किंवा कंथ होतो. हातातल्या चुड्याचे गुण गायले तर ते नवऱ्याचे गुण असतात, आणि चुडा जड झाला म्हटले की ऐकणारीला काय कळायचे ते कळते. ही नावे म्हणजे नुसता लाडिकपणा नव्हे. समोर खुंट्याला हात लावून सासूच बसली असेल, तर तिच्याबद्दलची तक्रार तिच्या तोंडावर कशी म्हणणार? अशा वेळी सीता मदतीला येते. सीतेला केसागणिक सासुरवास झाला आणि तोच पुढे देशोदेशीच्या बायकांच्या वाट्याला आला, अशा आशयाच्या ओव्या महाराष्ट्रभर गातात. सासूला त्यात नाव ठेवायला जागा नाही, कारण गाणे रामायणाचे आहे. शिवाय सासूही कधीकाळी सूनच होती, त्यामुळे पुष्कळदा तीच पुढची ओळ उचलते. घरात ज्या दोघींचे पटत नाही त्या एकाच ओवीत सूर मिसळतात. हे जात्याखेरीज क्वचितच कुठे घडत असेल.

माहेराच्या ओव्या सर्वांत जास्त असाव्यात, आणि त्यातही भावाच्या. सासुरवाशिणीला न्यायला येणारा मुराळी म्हणजे बहुधा भाऊच. तो येतो, वाटेवर दिसतो, त्याच्यासाठी पायलीने पीठ दळते, हे सगळे ओवीत हौसेने येते. तशाच त्याच ओव्यांत भावजयही येते. आई आहे तोवर माहेर, मग ते भावजयीचे घर होते, हे बाई अगदी ओळखून असते. प्रेम आणि हिशेब या ओव्यांत शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि दोन्ही खरे असतात. माहेरच्या ओव्या नुसत्या गोड म्हणून वाचल्या तर त्यांतला अर्धा जीव हातून निसटतो.

देवाच्या ओव्यांना मोजणीची चौकट असते. ‘पहिली माझी ओवी’ असे म्हणून पहिली एका देवाला, दुसरी दुसऱ्याला, तिसरी आईबापाला, असा क्रम लागतो. दळणाच्या सुरुवातीला हा क्रम उपयोगी पडतो, कारण हात आणि गळा लागेपर्यंत ओळ शोधत बसावे लागत नाही. हीच चौकट मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांतल्या बायकांनी उचलली आणि देवांच्या जागी बाबासाहेब आंबेडकर व बुद्ध यांना बसवले. रमाई आणि भीमराव यांच्यावरच्या अशा ओव्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात नोंदवल्या गेल्या आहेत. गाण्याचा साचा जुनाच राहिला आणि पहिला मान कुणाला द्यायचा ते बायकांनी स्वतः ठरवले.

ओव्या कागदावर उतरवण्याचे काम अनेकांनी केले. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ या संग्रहाने त्या मध्यमवर्गीय घरांत पोचवल्या. कमलाबाई देशपांडे, दुर्गा भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी स्त्रियांच्या गीतांचा आणि लोकसाहित्याचा अभ्यास व संकलन केले. सर्वांत मोठा साठा उभा राहिला तो हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांच्या पुण्यातील प्रकल्पातून. 1980 च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. पुढे काहींचे ध्वनिमुद्रणही झाले, आणि आता त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. ऐकायला मिळतात ही गोष्ट फार मोलाची आहे. कागदावरची ओवी दोन ओळींत संपते. गाताना तीच ओवी परतपरत फिरते, मध्येच वैरणीसाठी थांबते आणि शेवटचे अक्षर घरघरीत विरते. हे सगळे छापात येत नाही.

गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. कष्ट वाचले याबद्दल बायका गिरणीला दुवाच देतात. खांदे आणि पाठ ज्यांची दुखली, त्यांना जात्याची हळहळ फार वाटत नाही. पण गिरणीत बाई रांगेत उभी राहते. तिथे तिच्या हाताला फेरा नाही आणि पहाटेचा एकांतही नाही. ओव्या विचारायला गेलेल्याला म्हाताऱ्या बायका पुष्कळदा सांगतात की बसल्या-बसल्या आठवत नाही. रिकामे का होईना, जाते पुढे ठेवून खुंट्याला हात लावला की एकामागून एक ओळी येऊ लागतात. आठवण गळ्यात जेवढी असते, तेवढीच दंडातही असते.

लग्नघरात मात्र जात्याला अजून मान आहे. हळद दळायच्या दिवशी ते धुऊन पुजतात, सुवासिनी जमतात आणि हळकुंडे दळताना ओव्या म्हणतात. तिथे सासुरवासाच्या ओव्या बाजूला राहतात आणि नवरा-नवरीची नावे गुंफली जातात.

दळण आटोपतानाही एक संकेत पाळतात. ‘सरलं’ असे तोंडाने म्हणायचे नाही, घरातले धान्य सरले असे होते म्हणून. म्हणून शेवटच्या ओवीत बाई स्वतःलाच अडवते: सासरी आणि माहेरी राशी भरलेल्या असताना दळण सरले असे कसे म्हणू? मग ती खुंटा सोडते, तळीच्या कडेचे पीठ हाताने सारून सुपात भरते आणि चुलीकडे वळते.