आडवा पाइप, उभा पाइप: सूत्रं जुळी, लांबी वेगळी

वाफेच्या आडव्या पाइपातून किती उष्णता जाते याचा हिशेब कुणी पुढे ठेवला, की मी आधी एकच गोष्ट बघतो: रेले अंकात व्यास घातलाय की लांबी. हमखास लांबी असते. कॉलेजच्या जर्नलमध्ये असते आणि एनर्जी ऑडिटच्या रिपोर्टमध्येही असते. उत्तर वेडंवाकडं येत नाही, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

उभ्या पाइपाचं गणित तुम्हाला येतं असं धरून चालतो. आपल्याकडच्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत नॅचरल कन्व्हेक्शनचा प्रयोग म्हणजे काचेच्या दाराची उंच पेटी आणि तिच्यात टांगलेली साधारण अर्धा मीटर लांबीची उभी पितळी नळी. आत हीटर, अंगावर थर्मोकपल. तिथे रेले अंकात लांबी घालायची असते आणि ते बरोबरच आहे. हाच प्रयोग डोक्यात बसतो, मग बॉयलर हाउसमधला पाइप आडवा दिसला तरी हात आपोआप लांबीकडेच जातो.

त्यात सूत्रंही अशी, की एक झाकावं आणि दुसरं काढावं. चर्चिल आणि च्यू या दोघांनी १९७५ मध्ये दोन्ही कोरिलेशन दिली, एक उभ्या पृष्ठभागासाठी आणि एक आडव्या सिलिंडरसाठी:

```
उभा:   Nu_L = {0.825 + 0.387 Ra_L^(1/6) / [1+(0.492/Pr)^(9/16)]^(8/27)}^2
आडवा:  Nu_D = {0.60  + 0.387 Ra_D^(1/6) / [1+(0.559/Pr)^(9/16)]^(8/27)}^2

Ra_x = g β (Ts - Ta) x^3 Pr / ν^2        h = Nu_x k / x
```

लोक ०.८२५ आणि ०.६० वरून वाद घालतात. घालू नका, हवेसाठी त्या फरकाने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते x मुळे.

आडव्या पाइपाभोवती हवा कशी फिरते ते पाहिलं, की पाठांतराची गरज उरत नाही. पंखे बंद करून गरम आडव्या पाइपाच्या बरोबर खाली उदबत्ती धरा. धूर पाइपाच्या पोटाला लागतो, दोन फाटे होऊन दोन्ही कुशींना चिकटून वर सरकतो, माथ्यावर पुन्हा एक होतो आणि तिथून पाइप सोडून सरळ छताकडे जातो. पाइपाला लागून हवेचा प्रवास झाला तो एवढाच: पोटापासून माथ्यापर्यंत, म्हणजे अर्धा परीघ. ८९ मिमी व्यासाच्या पाइपाला हे अंतर जेमतेम १४० मिमी भरतं. पाइपाच्या लांबीच्या दिशेने धूर सरकतच नाही, कारण त्या दिशेला गुरुत्व हवेला ढकलत नाही. पाइप ६ मीटर असो की ६० मीटर, मधल्या एका मीटरवरच्या हवेला शेजारच्या मीटरची खबरही नसते.

उभ्या पाइपात तीच हवा तळाशी पाइपाला चिकटते आणि अंगाअंगाने पूर्ण उंची चढते. चढता चढता गरम हवेचा थर जाड होत जातो, म्हणून वरच्या भागाला खालून तापून आलेली हवा मिळते. तिथे लांबी हाच हवेचा प्रवास आहे, आणि म्हणून ती रेले अंकात येते. आडव्या पाइपात लांबीला एकच जागा आहे: पृष्ठभागाच्या क्षेत्रफळात. रेले अंकात नाही, नुसेल्ट अंकातून h काढतानाही नाही.

याच सूत्राचं एक भावंड वापरात आहे. त्यात ०.६० च्या जागी ०.७५२ असतो आणि व्यासाऐवजी πD/2 घालायचा असतो, म्हणजे थेट अर्धा परीघच. दोन्हींनी h तोच येतो. फक्त एकाचा आकडा आणि दुसऱ्याची लांबी अशी सरमिसळ करू नका.

आता प्रत्यक्ष हिशेब. ८० एनबीचा पाइप, बाहेरचा व्यास ८८.९ मिमी, लांबी ६ मीटर, आडवा, लॅगिंग निघालेलं. आत ७ बार निरपेक्ष दाबाची संपृक्त वाफ, म्हणजे १६५ °से. आत वाफेचं पाणी होत असतं, तिथला रोध बाहेरच्या हवेपुढे नगण्य, म्हणून पृष्ठभागही १६५ °से धरायला हरकत नाही. हवा ३५ °से. गुणधर्म दोन्ही तापमानांच्या सरासरीला घ्यायचे, म्हणजे १०० °से. आणि β म्हणजे १/३७३, कारण तापमान केल्विनमध्ये. इथे १/१०० लिहिणाऱ्याशी मी पुढचं बोलत नाही.

```
k = 0.03095 W/mK    ν = 2.306e-5 m²/s    Pr = 0.711
Ra_D = 3.21e6
Nu_D = 20.3
h    = 20.3 × 0.03095 / 0.0889 = 7.06 W/m²K
```

एका मीटर पाइपाचं क्षेत्रफळ ०.२७९ चौ. मी. त्याला ७.०६ ने आणि १३० अंशांच्या फरकाने गुणलं, की दर मीटरला सुमारे २५६ वॅट. पडताळा हवा असेल तर मॉर्गनचं साधं रूप, Nu = 0.48 Ra^0.25, लावून बघा. १०^४ ते १०^७ या रेले पट्ट्यात ते चालतं, आणि इथेही २०.३ च देतं. याउलट h = 1.32 (ΔT/D)^0.25 हे पाठ केलेलं सूत्र ८.२ च्या आसपास जातं. त्यात हवेचे गुणधर्म कायमचे गोठवलेले आहेत आणि मूळ स्थिरांकही चढा आहे. घाईत अंदाज काढायला ठीक, पण रिपोर्टमध्ये मला ते आवडत नाही.

आता तीच चूक मुद्दाम करू. आडव्याच सूत्रात सगळीकडे व्यासाऐवजी ६ मीटर घातले तर रेले अंक ९.९ × १०^११ होतो, नुसेल्ट १०६७ आणि h येतो ५.५. गंमत अशी, की हे कोरिलेशन रेले अंक १०^१२ पर्यंत चालतं, म्हणजे मर्यादा तपासूनही चूक हाती लागत नाही. उभ्याचं सूत्र घेतलं तर ५.७ येतो. नैसर्गिक कन्व्हेक्शनला ५ ते १० हा आकडा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून ५.५ वर कुणी बोट ठेवत नाही, आणि उत्तर २२ टक्के कमी निघून जातं. रेले अंकात लांबी आणि भागताना व्यास असा घोळ केला तर h ३७१ येतो. ती चूक मला परवडते, कारण ती निदान ओरडून सांगते.

पाइप बारीक होत गेला की ही लपलेली चूक वाढते. त्याच तापमानाला १५ एनबीच्या, म्हणजे २१.३ मिमी व्यासाच्या आडव्या पाइपाचा खरा h ९.२ आहे. लांबी घालणाऱ्याच्या कागदावर मात्र तोच ५.५ राहतो, कारण त्याच्या सूत्राला व्यास माहीतच नाही. तूट ४० टक्के. यावरून ओळखायची खूण मिळते: तक्त्यात वेगवेगळ्या व्यासांच्या आडव्या पाइपांसमोर एकच h दिसला, तर कुणीतरी L घातलेला आहे.

पाइप उभा असला म्हणजे उभ्या पृष्ठभागाचं सूत्र डोळे मिटून लावावं, असंही नाही. ते मुळात सपाट भिंतीचं आहे. पाइपाला ते तेव्हाच लागू, जेव्हा गरम थराच्या मानाने पाइप पुरेसा जाड असतो; नेहमीची कसोटी D/L ≥ 35/Gr_L^0.25 अशी. आपला ६ मीटरचा पाइप उभा केला तर या कसोटीला सुमारे १९० मिमी व्यास लागेल. ८९ मिमीचा त्यात बसत नाही, आणि खरा h भिंतीच्या उत्तरापेक्षा जास्त असतो.

स्थिर हवा या अटीबद्दल थोडक्यात. ताशी ३.६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १ मीटरची झुळूक या पाइपावर आली तरी Gr/Re² ०.३ होतो आणि वरचं गणित एकट्याने पुरत नाही. दोन्ही टोकांना दारं उघडी असलेल्या बॉयलर हाउसला स्थिर हवा म्हणू नये. पाइपावर लॅगिंग असेल तर D म्हणजे लॅगिंगचा बाहेरचा व्यास, आणि लॅगिंगच्या पृष्ठभागाचं तापमान आधी माहीत नसल्याने ते धरून, उत्तर काढून, पुन्हा दुरुस्त करावं लागतं.

कन्व्हेक्शन काढून पेन खाली ठेवणं ही माझी दुसरी डोकेदुखी. प्रश्न उष्णतेच्या तोट्याचा असेल तर प्रारण हवंच. गंजलेल्या लोखंडी पाइपाची उत्सर्जकता ०.८ धरली आणि भोवतालच्या भिंती हवेइतक्याच तापमानाच्या मानल्या, तर दर मीटरला ३५३ वॅट नुसत्या प्रारणाने जातात, कन्व्हेक्शनपेक्षा जास्त. एकूण ६०९ वॅट. पूर्ण ६ मीटरला ३.६५ किलोवॅट.

हा आकडा तोलून बघता येतो. या दाबाला वाफेची गुप्त उष्णता किलोला २०६६ किलोज्यूल, म्हणजे एवढ्या तोट्याने पाइपात तासाला साधारण ६.४ किलो पाणी व्हायला हवं. आडव्या पाइपात लांबी घातली आणि प्रारणही विसरलं, तर कागदावर फक्त २.१ किलो येतं. एवढा फरक साध्या तराजूवरही लपत नाही.

मात्र वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या ट्रॅपमधून बाहेर पडताना १६५ अंशांच्या पाण्याचा सुमारे आठवा भाग पुन्हा वाफ होऊन उडतो, म्हणून उघड्या भांड्यात धरू नका. बादलीत थंड पाणी घ्या, वजन करा, ट्रॅपची नळी पाण्याखाली बुडवा आणि अर्ध्या तासाने पुन्हा वजन करा. मोजणी संपली की नळी आधी बाहेर काढा, मगच वाफ बंद करा, नाहीतर पाइप बादलीतलं पाणी आत ओढतो. वजन ३.२ किलोच्या आसपास वाढलं तर हिशेब बरोबर. खूपच जास्त वाढलं तर सूत्राला दोष देण्याआधी दोन गोष्टी बघा: बॉयलरकडून येणारी वाफच ओली आहे का, आणि ट्रॅप गळतोय का. गळक्या ट्रॅपमधून आलेली जिवंत वाफही बादलीत पाणी होऊनच तोलली जाते.